एक लिटर दुधाचं पनीर दर वेळी वेगळं का भरतं, आणि १०० ग्रॅममागे प्रथिनं किती धरायची

गेल्या पावसाळ्यात माझी भाची शिकायला आमच्याकडे राहायला आली. ती व्यायामशाळेत वजनं उचलते, मांस-अंडी खात नाही, त्यामुळे घरचं पनीर हा तिच्या प्रथिनांचा मोठा आधार. खाल्लेलं सगळं ती मोबाइलमधल्या ॲपवर नोंदवते. तिसऱ्या रविवारी तिने मला विचारलं, "मावशी, दूध तेच, पिशवी तीच, लिटरही तेच. मग एकदा २३८ ग्रॅम पनीर, एकदा १९२, आणि आज १६६ कसं? मी नक्की कुठला आकडा लिहू?"

हा प्रश्न घरी पनीर करणाऱ्या अनेकांना पडतो. कमी भरलं की दुधाला दोष दिला जातो, जास्त भरलं की आनंद होतो. पहिल्या रविवारपासूनच मी प्रत्येक वेळचं वजन वहीत लिहीत होते, थोडं पनीर वाळवून बघत होते, पाणीही मोजत होते. त्यातून जे हाती आलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ॲपमधला आकडा तपासू

ॲपमध्ये 'पनीर' असं टाकलं की बहुतेक वेळा १०० ग्रॅमला २६५ कॅलरी, १८.३ ग्रॅम प्रथिनं, २०.८ ग्रॅम स्निग्धांश आणि १.२ ग्रॅम कर्बोदकं असं येतं. हे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतले आहेत, आणि तिथे ते गाईच्या दुधाच्या छेन्यासमोर दिलेले आहेत. त्याच तक्त्यात खाली म्हशीच्या दुधाच्या छेन्याची ओळ आहे. तिथे प्रथिनं १३.४ आणि स्निग्धांश २३ आहे. म्हणजे गाय सोडून म्हशीकडे गेलो तर १०० ग्रॅममागे जवळजवळ पाच ग्रॅम प्रथिनं कमी होतात. पण ॲपमध्ये पहिलीच ओळ सर्वत्र पसरली आणि ती सगळ्याच पनीरची म्हणून वापरली जाते.

आमच्या घरी येणारी पिशवी फुल क्रीम दुधाची. त्यात गाईच्या छेन्याचा आकडा लावणं चूकच होतं. पण ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण कॅलरी जुळतात. पहिल्या रविवारचं २३८ ग्रॅमचं पनीर हिशेबाने १०० ग्रॅमला साधारण २७० कॅलरीचं निघालं, ॲपमध्ये २६५. भाचीला वाटलं सगळं बरोबर आहे. प्रत्यक्षात त्यात प्रथिनं १२ ग्रॅम होती आणि ती १८ लिहीत होती. रोज १०० ग्रॅम खाल्लं तर रोज सहा ग्रॅमची तूट, आणि ती कुठेच दिसत नव्हती.

हिशेब पिशवीवरून सुरू करायचा

पनीरमध्ये जे काही आहे ते दुधातूनच आलेलं आहे. म्हणून तक्ता शोधण्यापेक्षा दुधाच्या पिशवीवरचा छापील मजकूर वाचावा. आमच्या पिशवीवर १०० मिलीला स्निग्धांश ६ ग्रॅम, प्रथिनं ३.२, कर्बोदकं ४.८ असं आहे. एका लिटरला दहापट धरा: स्निग्धांश ६०, प्रथिनं ३२, कर्बोदकं ४८ ग्रॅम. कॅलरी ८६०.

दूध फाडलं की या तिघांचं वेगवेगळं होतं. स्निग्धांशापैकी दर शंभरातले ९० ते ९५ ग्रॅम पनीरमध्ये अडकतात, बाकीचे पाण्यात जातात. मी ९२ धरते, म्हणजे साठातले ५५ ग्रॅम पनीरमध्ये. प्रथिनांचं ९० टक्के धरलं तर बत्तीसातले २९ ग्रॅम. कर्बोदकं म्हणजे दुधातली साखर. ती पाण्यात विरघळलेली असते, त्यामुळे पनीरमध्ये जेवढं पाणी राहील तेवढीच ती राहते. त्या पाण्याच्या साधारण पाच टक्के म्हटलं तर पूर्ण वडीत पाच-सात ग्रॅम. याशिवाय चारेक ग्रॅम क्षार.

आता बेरीज करा. ५५, २९, ५ आणि ४ मिळून ९३. म्हणजे एक लिटर फुल क्रीम दुधातून नीट फाडलेल्या पनीरमध्ये पाणी वगळता सुमारे ९३ ते ९५ ग्रॅम माल असतो. वडीचं बाकीचं सगळं वजन पाण्याचं. ही एक संख्या हाताशी आली की पुढचं सगळं कोडं सुटायला लागतं.

वजन कमी भरलं: पाणी गेलं की माल गेला?

खरा निदानाचा प्रश्न हा आहे. २३८ आणि १९२ यात ४६ ग्रॅमचा फरक आहे. तो पाण्याचा असेल तर काहीच नुकसान झालेलं नाही. तो मालाचा असेल तर पातेल्यातलं पाणी सिंकमध्ये ओतताना आपण पनीरही ओतून टाकलं.

हे ओळखायला घरी एक सोपी तपासणी आहे. वडीच्या मधल्या भागातलं २० ग्रॅम पनीर किसून घ्या. वजनकाटा एक ग्रॅमचा फरक दाखवणारा असेल तर चालेल, दशांश दाखवणारा असेल तर उत्तम. किसलेलं पनीर ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर तीन-चार तास ठेवा. प्रयोगशाळेतही ढोबळमानाने असंच करतात. ओव्हन नसेल तर मायक्रोवेव्हमध्ये कमी शक्तीवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने, मध्ये मध्ये वजन करत. वजन उतरायचं थांबलं की झालं. करपू द्यायचं नाही, रंग तांबूस व्हायला लागला की थांबा.

पहिल्या रविवारचं पनीर मी तसं वाळवलं. २० ग्रॅमचे ८ ग्रॅम उरले, म्हणजे चाळीस टक्के माल आणि साठ टक्के पाणी. २३८ चे चाळीस टक्के, ९५ ग्रॅम. दुसऱ्या रविवारी २० चे ९.८ उरले, म्हणजे ४९ टक्के. १९२ चे ४९ टक्के, ९४ ग्रॅम. दोन्ही वेळा माल सारखाच होता. पहिल्या वेळी कुकरमध्ये पाणी भरून वीस मिनिटं दाबलं होतं, दुसऱ्या वेळी वरवंटा ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये राहून गेलं होतं. फरक फक्त दाबण्याचा.

तिसऱ्या रविवारी मात्र २० चे ९.६ उरले, म्हणजे ४८ टक्के, आणि १६६ चे ४८ टक्के म्हणजे ८० ग्रॅम. इथे पंधरा ग्रॅम माल खरोखर गेलेला होता.

ही तपासणी दर वेळी करायची गरज नाही. आपली दाबण्याची पद्धत ठरलेली असेल तर एकदा-दोनदा केली की हाताला अंदाज येतो. पण एकदा तरी कराच. त्याशिवाय 'आज पनीर कमी आलं' या वाक्याचा अर्थच लागत नाही.

वडीतल्या पाण्याला एक मर्यादाही आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार 'पनीर' म्हणून विकायचं असेल तर त्यात पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि पाणी वगळून उरलेल्या भागात किमान निम्मा दुधाचा स्निग्धांश हवा. आपलं २३८ ग्रॅमचं पनीर या सीमेवर बसतं. एक लिटर फुल क्रीममधून २७०-२८० ग्रॅम भरलं तर ते जास्त उत्पादन समजून खूश होऊ नका. ते पाणी आहे, वडी रश्शात विरघळते आणि फ्रिजमध्येही लवकर आंबते.

माल गेला हे पाण्यावरून कसं ओळखायचं

पनीरच्या पाण्याकडे बघायची सवय लावली तर वाळवायची वेळ क्वचितच येते. नीट फाटलेल्या दुधाचं पाणी निवळ आणि हिरवट-पिवळसर असतं. पातेल्याचा तळ त्यातून दिसतो. पाणी दुधाळ, ताकासारखं असेल तर माल त्यात आहे. तिसऱ्या रविवारचं पाणी असंच होतं आणि मी घाईत ते गाळून टाकणार होते.

अशा वेळी पाणी पुन्हा गॅसवर चढवा, उकळी येऊ द्या आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. मी तसं केलं तर वर पांढरे कण जमा झाले. फडक्यातून गाळल्यावर २६ ग्रॅम मऊसूत चोथा मिळाला. म्हणजे आंबट कमी पडलं होतं. दूध फाटायला लागलं, गोळे दिसले, आणि मी हात थांबवला. गोळे दिसणं आणि दूध पूर्ण फाटणं यात दोन-तीन चमचे रसाचा फरक असतो. पाणी निवळ होईपर्यंत थोडं थोडं घालत राहायचं, आणि निवळ दिसलं की तिथेच थांबायचं. त्यापुढे घातलेलं आंबट पनीरच्या चवीत उतरतं आणि वडी भुसभुशीत होते.

प्रमाण सांगायचं तर लिटरला दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, २०० मिली गरम पाण्यात विरघळवून. दूध जास्त घट्ट असेल तर अडीच ग्रॅमपर्यंत लागतं. लिंबाचा रस घेतला तर ३५ ते ४० मिली, पण लिंबाचा आंबटपणा ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात दोन लिंबांत जे होतं ते दुसऱ्या वेळी तीन लिंबांत होत नाही. वजन दर वेळी सारखं यावं असं वाटत असेल तर लिंबूसत्त्व मोजून घेणं जास्त भरवशाचं. रस असो वा सत्त्व, पाणी मिसळून पातळ करूनच घाला. नुसता रस ओतला की जिथे पडतो तिथे दूध कडक फाटतं आणि कडेचं तसंच राहतं.

दह्याने फाडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाटीभर दही घातलं तर त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांशही पनीरमध्येच येतात, म्हणून वजन जरा जास्त भरतं. ते जास्तीचं दुधाचं नाही, दह्याचं आहे. हिशेबात दही वेगळं धरा.

दुसऱ्या प्रकारचा तोटा फसवा असतो. पाणी निवळ दिसतं, आंबटही पुरेसं असतं, पण ते पाणी उकळलं की गढूळ होतं आणि बारीक पांढरे कण वर येतात. याचा अर्थ फाडण्याआधी दूध पुरेसं तापलं नव्हतं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण चार भाग केसीन असतं, ते आंबटाने साकळतं. उरलेला एक भाग पाण्यात विरघळलेला राहतो, त्याला व्हे प्रथिनं म्हणतात. नुसत्या आंबटाने ती साकळत नाहीत. दूध ९० अंशांच्या आसपास तापवलं की मात्र ती उलगडून केसीनला चिकटतात आणि दूध फाटताना त्याच्याबरोबर वडीत येतात. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं म्हणून 'ते तापलेलंच आहे' असं समजून कोमट दुधात लिंबू पिळणारे मी पाहिले आहेत. पाश्चरायझेशनला साधारण ७२ अंशांवर पंधरा सेकंद पुरतात आणि तेवढ्याने या प्रथिनांचं फारसं काही होत नाही. लिटरमागे चार-पाच ग्रॅम प्रथिनं अशी सिंकमध्ये जाऊ शकतात.

थर्मामीटर नसेल तर दूध उतू जायच्या बेतात वर येऊ द्यावं, तळाला लागू नये म्हणून हलवत राहावं, आणि वर आलं की गॅस बंद करावा. मग लगेच आंबट घालू नये. पाच-सात मिनिटं थांबून दूध ७० अंशांच्या जवळ उतरू द्यावं. खळखळ उकळत्या दुधात आंबट घातलं तर गोळे बारीक आणि रबरासारखे होतात आणि पाणी धरत नाहीत. उलट ६० च्या खाली गेलेल्या दुधात घातलं तर गोळे लिबलिबीत राहतात आणि पाणी खूप धरतात. म्हणजे त्याच दुधाचं, तेवढ्याच मालाचं पनीर या एका गोष्टीमुळे वीस-तीस ग्रॅमने हलकं किंवा जड होऊ शकतं.

तिसरा तोटा स्निग्धांशाचा. तो ओळखायला पनीरचं पाणी स्टीलच्या डब्यात भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पातळ तवंग असणं ठीक आहे, चार-पाच ग्रॅम स्निग्धांश पाण्यात जातोच. पण जाड, लोण्यासारखी चकती धरली असेल तर दूध फाटत असताना ढवळाढवळ जास्त झाली आहे. आंबट घालताना उलथण्याने दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवायचं आणि मग पाच मिनिटं हात लावायचा नाही. गोळे एकमेकांना धरतात, आणि त्यांच्यातला स्निग्धांशही धरून ठेवतात.

आता समजा पाणी निवळ आहे, उकळल्यावरही निवळच राहतं, वर चकती नाही, आणि तरी वाळवून माल कमीच भरतो. मग तुमच्या हातात काही चूक नाही, दूधच पातळ आहे. सुट्या दुधाच्या बाबतीत हे मला दोनदा आढळलं आहे. गवळ्याला विचारण्याआधी या तीन गोष्टी बघून ठेवाव्यात, म्हणजे उगाच माणसावर आळ येत नाही.

वेगवेगळ्या दुधाचं वेगवेगळं पनीर

कुठल्याही पिशवीच्या एका लिटर दुधातून पनीरमध्ये येणारी प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात, २८ ते ३० ग्रॅम. फरक पडतो तो स्निग्धांशाचा. आणि वडी कितीही दाबली तरी प्रथिनं आणि स्निग्धांश यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही, कारण दाबल्याने फक्त पाणी जातं.

३.५ टक्क्यांचं गाईचं दूध घ्या. लिटरमध्ये स्निग्धांश ३५, त्यातले ३२ पनीरमध्ये. प्रथिनं २८. साखर-क्षार मिळून माल ६७-६८ ग्रॅम, आणि नेहमीसारखं दाबलं तर वडी साधारण १५५ ते १६० ग्रॅमची. त्याच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १८ आणि स्निग्धांश २० येतो. बघा, ॲपमधला आकडा इथे बरोबर बसला. तो खोटा नव्हताच, फक्त गाईच्या दुधाचा होता.

टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के. त्याच्या लिटरमधून १४० ते १५० ग्रॅम पनीर मिळतं, १०० ग्रॅमला प्रथिनं १९ च्या आसपास, स्निग्धांश १८-१९, कॅलरी २५५. नियमाने त्याला नुसतं 'पनीर' म्हणून विकता येणार नाही, कारण स्निग्धांश निम्म्याच्या खाली जातो. पण घरी खायला ते चांगलं लागतं, विशेषतः भुर्जीला. डबल टोन्डच्या दीड टक्क्यावर आलं की वडी १२५-१३० ग्रॅमची, प्रथिनं २३, स्निग्धांश ११. आकडे सुंदर दिसतात, पण तुकडा दाताखाली करकरतो. भाचीने एक आठवडा खाल्लं आणि पुन्हा टोन्डवर आली.

फुल क्रीमचं पनीर मऊ आणि चवदार, पण १९२ ग्रॅमच्या वडीत १०० ग्रॅमला प्रथिनं १५ आणि स्निग्धांश २८-२९, कॅलरी ३२५ च्या पुढे. प्रथिनांसाठी म्हणून पनीर खाणाऱ्याने हे डोळ्यांसमोर ठेवायला हवं. एका वडीत प्रथिनं तेवढीच मिळतात, स्निग्धांश टोन्डच्या दुप्पट.

म्हशीच्या सुट्या दुधावर छापील मजकूर नसतो. गावाकडे संकलन केंद्रावर फॅट लावून चिठ्ठी मिळते, ती मिळाली तर स्निग्धांश त्यावरून घ्या. सात टक्केही सहज असतो. पाणी न घातलेल्या म्हशीच्या दुधात प्रथिनं ३.६ ते ४ टक्के असतात, म्हणजे पिशवीच्या फुल क्रीमपेक्षा जास्त, आणि वडीही मोठी भरते. ६ टक्के स्निग्धांशाच्या म्हशीच्या दुधातून वजनाच्या २० ते २२ टक्के पनीर निघतं असं दुग्धशास्त्र मानतं. लिटरभर दूध वजनाने साधारण १०३० ग्रॅम असतं, त्यामुळे २०५ ते २२५ ग्रॅम.

साय काढलेल्या दुधाचा हिशेब

आपल्याकडे दूध तापवून, गार करून, साय बाजूला काढायची आणि उरलेल्या दुधाचं पनीर करायचं ही रीत आहे. तेव्हा पिशवीवरचा ६ टक्के हा आकडा निरुपयोगी होतो. साय किती आणि तिच्यात स्निग्धांश किती हे मोजणं अवघड, पण तूप मोजता येतं, आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश.

माझ्याकडे सात लिटर दुधाच्या सायीचं २०० ग्रॅम तूप निघतं. म्हणजे लिटरमागे २८-२९ ग्रॅम स्निग्धांश सायीबरोबर गेला. ताकात राहिलेला थोडा धरला तर तीस. साठातून तीस वजा केले की दुधात तीस उरले, म्हणजे पनीरच्या दृष्टीने ते टोन्ड दूधच झालं. अशा दुधाची १४५ ग्रॅमची वडी पाहून 'फुल क्रीममधून एवढंच?' असं वाटायचं कारण नाही. उरलेला स्निग्धांश तुपाच्या बरणीत आहे.

मग नोंद काय करायची

भाचीसाठी मी शेवटी ग्रॅममध्ये मोजणंच सोडून दिलं. कारण कापलेले तुकडे थंड पाण्यात ठेवले की पाणी पितात आणि जड होतात, तव्यावर परतले की पाणी सोडून हलके होतात. काल १०० ग्रॅम असलेलं आज ९० असतं, आणि माल तोच.

त्याऐवजी वडीचे भाग मोजायचे. एक लिटर टोन्ड दुधाची वडी, तिचे चार सारखे तुकडे. एका तुकड्यात पाव लिटरचं पनीर: प्रथिनं ७ ग्रॅम, स्निग्धांश पावणेसात, कर्बोदकं एक ग्रॅम, साधारण ९२-९३ कॅलरी. वडी १३५ ची भरो वा १५५ ची, पाणी निवळ निघालं असेल तर हे आकडे हलत नाहीत. ॲपमध्ये 'घरचं पनीर, पाव वडी' अशी स्वतःची नोंद करून ठेवता येते, आणि दुधाची जात बदलली की नवी नोंद.

ज्यांना १०० ग्रॅमचाच आकडा हवा त्यांनी त्या दिवशीच्या वडीचं वजन करावं आणि भागाकार करावा:

१०० ग्रॅममधली प्रथिनं = (पिशवीनुसार लिटरमधली प्रथिनं × ०.९ × १००) ÷ वडीचं वजन

स्निग्धांशासाठी प्रथिनांच्या जागी पिशवीनुसार लिटरमधला स्निग्धांश आणि ०.९ च्या जागी ०.९२ घ्यावं. वजन दाबून झाल्यावर, पाण्यात टाकायच्या आधी करावं. कर्बोदकांसाठी १०० ग्रॅमला अडीच-तीन ग्रॅम धरले तरी पुरे.

पनीरच्या पाण्याबद्दल एक गैरसमज

भाचीच्या मैत्रिणी हे पाणी 'व्हे प्रोटीन' म्हणून गाळून पितात. बाजारातली व्हे पावडर चीजच्या पाण्यापासून करतात. चीजसाठी दूध एवढं तापवत नाहीत, म्हणून ती प्रथिनं पाण्यातच राहतात. पनीरचं दूध आपण मुद्दाम ९० पर्यंत नेलेलं असतं आणि ती प्रथिनं वडीत गेलेली असतात. आंबटाबरोबर घातलेलं पाणी धरून लिटरमागे एक लिटरच्या आसपास पाणी उरतं, त्यात प्रथिनं तीन ग्रॅम आणि दुधातली साखर ४० ग्रॅमच्या पुढे असते.

पोळ्यांची कणीक त्यात मळली तर पोळ्या मऊ होतात, आमटीतही चालतं. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्या पूर्वी हे पाणी 'पौष्टिक' म्हणून पेलाभर घ्यायच्या. २०० मिलीच्या पेल्यात आठ-नऊ ग्रॅम साखर जाते हे मोजून दाखवल्यावर आता त्यांच्या वाट्याला वडीतला तुकडा जातो आणि पाणी कणकेत.